x गेला, तरी नऊ राहिले

यादी केल्याशिवाय मी वर्गात जात नाही. अकरावीच्या मुलांना घातांकात मॉड, म्हणजे चिन्ह सोडून नुसती किंमत घेणाऱ्या दोन उभ्या रेघा, असलेली समीकरणं शिकवायची, तीही पायऱ्यांच्या यादीनं. एक, दोन्ही बाजूंचा पाया सारखा करा. दोन, मॉडच्या आतलं कुठे शून्य होतं ते शोधा. तीन, तिथे संख्यारेषा तोडून दोन भाग करा. चार, प्रत्येक भागात मॉड काढून सोडवा आणि आलेलं उत्तर त्याच भागात बसतं का बघा. पाचवी पायरी माझी स्वतःची होती: सोडवताना x गायब झाला, तर तो भाग बाद.

ती आली कुठून, तेही सांगते. २^|x−१| = २^(x+३) हे माझं नेहमीचं उदाहरण. x एक किंवा त्याहून मोठा धरला की x−१ = x+३ होतं, x उडतो आणि वजा एक बरोबर तीन उरतं. खोटं, म्हणून तो भाग बाद. दुसऱ्या भागात १−x = x+३, म्हणजे x वजा एक. इतकी वर्षं माझ्या सगळ्या उदाहरणांत x उडाला की खोटंच उरलं, म्हणून मी नियमच करून टाकला.

आंतरशालेय गणित स्पर्धेसाठी शाळेतून एकच नाव पणजीला जायचं होतं. मी चाचणी घेतली. मुळगावचा एक मुलगा पहिला आला. त्याच्या मागे दोन गुणांनी पाळी गावची एक मुलगी. तिचे वडील सिंधुदुर्गातले, खनिजाच्या ट्रकवर चालक. घरी ती मालवणी बोलते आणि घाई झाली की वर्गातही. दुपारी तीनपर्यंत मुख्याध्यापकांकडे नाव द्यायचं होतं. मधल्या सुट्टीच्या आधी मी पेपर वाटले आणि ती सरळ टेबलाशी आली.

प्रश्न होता ३^|x−२| × ३^x = ९, पाच गुणांचा. माझ्या उत्तरपत्रिकेत x = २. तिने पहिला भाग बरोबर सोडवला होता: x दोन किंवा मोठा, घातांक २x−२, तो दोन हवा, म्हणून x दोन. त्याचा एक गुण मी दिला होता. खाली तिने लिहिलं होतं, 'दोन आणि दोनपेक्षा लहान सगळे x'. त्यावर माझी लाल फुली.

"टीचर, माझा उत्तर चुकला कसा ता सांगा."

मी पाचवी पायरी दाखवली. दोनपेक्षा लहान x साठी मॉडचं २−x होतं, त्यात x मिळवला की घातांकात नुसते दोन. x गायब, म्हणून भाग बाद.

"x गेलो," ती म्हणाली. "पण नऊ बरोबर नऊ उरला मां?"

मी फळ्याकडे वळले. खडू उचलला. x शून्य: तीनचा वर्ग गुणिले एक, नऊ. x एक: तीन गुणिले तीन, नऊ. मागच्या बाकावरून कुणीतरी वजा पाच सुचवलं. तीनचा सातवा घात, गुणिले वजा पाचवा, पुन्हा तीनचा वर्ग. वजा शंभर आलं, वजा हजार आलं. घंटा झाली, पण कुणी डबा उघडला नाही. मग एकाने तीन घालून बघायला लावलं, तर एक्क्याऐंशी आले आणि सगळे हसले. दोनच्या उजवीकडे काही चालत नव्हतं, डावीकडे सगळं चालत होतं. खोटं उरलं तरच भाग बाद. खरं उरलं तर तो अख्खा भागच उत्तर. माझे हात खडूने पांढरे झाले होते, आणि इतका आनंद त्या फळ्याने मला कित्येक वर्षांत दिला नव्हता.

मग मुळगावचा मुलगा उभा राहिला. "टीचर, मी तुमच्याच यादीप्रमाणे लिहिलं. आता माझे पाच गुण कापणार काय?"

त्याचं म्हणणं रास्त होतं. चूक माझी होती, ती त्याच्या पेपरातून वसूल करता येत नव्हती. त्याचे पाच तसेच ठेवले. तिच्या एकाचे पाच केले. म्हणजे चार वाढले, आणि दोनने मागे असलेली ती दोनने पुढे गेली. त्याने बोटांवर मोजून बघितलं आणि खाली बसला. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "पणजीला तरी यादी मोडू नको हां." वर्ग पुन्हा हसला, तीही हसली.

पावणेतीनला मी मुख्याध्यापकांसमोर होते. सकाळी मी तोंडी सांगितलेलं नाव का बदललं, असं त्यांनी विचारलं. माझा नियम चुकीचा होता आणि तो एका मुलीने पकडला, असं मी सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, समीकरण मागितलं, पेन्सिलीने स्वतः वजा दहा घालून बघितलं आणि मग फॉर्मवर शिक्का मारला.

ती जिन्याखाली उभी होती. मी फॉर्म तिच्या हातात दिला. तिने नाव, वर्ग, हजेरी क्रमांक सगळं दोनदा वाचलं आणि वडिलांची सही कुठे घ्यायची ते विचारलं. मी जागा दाखवली. फॉर्मची घडी न घालता, दोन्ही हातांनी समोर धरून, ती पाळीची बस पकडायला धावत सुटली.