पत्र्यांसाठी लिहिलेलं पत्र

कळमनुरीच्या आमच्या वसतिगृहाला स्वयंपाकघरासाठी टिनपत्रे द्यायचं एका कापूस व्यापाऱ्यांनी भर सभेत कबूल केलं होतं. वर्ष सरलं, भिंती उभ्या राहिल्या, पण पत्रे आले नाहीत. वसतिगृहाचे सचिव असलेल्या गुरुजींनी मला पत्र लिहायला बसवलं. मी ‘आपण दिलेल्या शब्दाची आठवण’ असं लिहिलं. गुरुजी म्हणाले, “हा तर तगादा झाला.” मग मी नुसती ख्यालीखुशाली लिहिली. ते म्हणाले, “यात पत्रे कुठं हायेत?” मी पार गोंधळलो. मागायचं, पण मागितल्यासारखं वाटू द्यायचं नाही, हे जमावं कसं?

शेवटी दोघांनी मिळून लिहिलं, ‘भिंती झाल्या, एकदा पाहायला या. पत्र्यांचं आपल्या सोयीनं ठरवू, थोडे थोडे दिले तरी चालेल. यंदा जमत नसेल तर निःसंकोच कळवा. लोभ आहे तोच राहील.’

आठवडी बाजाराच्या दिवशी ते व्यापारी स्वतःच आले. म्हणाले, “मधी हात तंग होता. तुमी कोणी विचारलं न्हाई, मला वाटलं रागावले. तोंड दाखवायची लाज वाटून राहिली होती.”

त्यांना लाज वाटू नये म्हणूनच तर आम्ही वर्षभर गप्प बसलो होतो! मी गुरुजींकडे पाहिलं, तर तेही माझ्यासारखेच गोंधळलेले. निम्मे पत्रे त्याच महिन्यात आले.