फ्लेक्सवरची भावी डॉक्टर

दहावीचा निकाल लागला, की आमच्या भोर भागात पेढ्यांच्या आधी फ्लेक्स येतो. मी शाळेत मराठी शिकवते. समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलंय, म्हणून दहावीच्या मुलांना पुढची शाखा निवडायला मदत करायचं कामही माझ्याकडेच. त्या वर्षी निकालानंतर किकवीच्या फाट्यावर एसटीतून उतरले, तर समोर आमचीच एक विद्यार्थिनी हात जोडून उभी, खऱ्या उंचीच्या दुप्पट. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं: 'भावी डॉक्टर'.

मी कपाळावर हात मारला. कारण हीच पोरगी परीक्षा संपल्या संपल्या माझ्या खोलीत येऊन म्हणाली होती, "मॅडम, मला आर्ट्स घ्यायचंय. वकील व्हायचंय." बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तसं झालं होतं. फ्लेक्स तिच्या चुलत्यांनी लावला होता. त्यांचा टेम्पो आहे आणि हौस त्याहून मोठी आहे.

आमच्याकडे शाखा मार्कांवर ठरते. भरपूर पडले तर सायन्स, बरे पडले तर कॉमर्स, आणि काहीच नाही जमलं तर आर्ट्स. पोराला काय आवडतं हे विचारायची पद्धत नाही. हिला तर नव्वदच्या वर पडले होते.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन वडील आणि चुलते शाळेत आले. वडील शेतकरी, गप्प बसणारे. चुलत्यांनी बसायच्या आधीच सुरुवात केली.

"मॅडम, एवढं मार्क पडून पोरगी आर्ट्सला? लोकं तोंडात शेण घालतील आमच्या! आन् फ्लेक्स लागलाय न्हवं!"

"मग फ्लेक्ससाठी पोरीनं डॉक्टर व्हायचं का?" मी फाडकन बोलले. समुपदेशकानं चिडायचं नसतं. प्रशिक्षणातलं तेवढंच मला कधी जमलं नाही.

मग पाणी प्यायले आणि नीट सांगितलं. डॉक्टर व्हायचं तर सायन्स हवं, त्यात जीवशास्त्र हवं आणि बारावीनंतर 'नीट'ची परीक्षा द्यावी लागते. वकिलीला मात्र बारावी कुठल्याही शाखेतून चालते, पुढे तिची वेगळी प्रवेश परीक्षा असते. हिच्या कल चाचण्यांत भाषा आणि तर्क दोन्ही उत्तम निघाले होते, विज्ञानही चांगलं होतं. अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरायची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं, की प्रवेश घ्यावाच लागतो. म्हणजे ठरवायचं ते आत्ताच.

वडिलांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "मॅडम, आर्ट्सला गेली आन् पुढं मन फिरलं तर?"

प्रश्न अगदी बरोबर होता. "तर मग सायन्सकडं सहजी येता येणार नाही," मी म्हणाले. "सायन्सवाल्याला मात्र नंतर वकिलीकडं वळता येतं."

"मग झालं की!" चुलत्यांनी मांडीवर थाप मारली.

पोरीनं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी तिला विहिरीत ढकललंय. मला फार वाईट वाटलं. पण आपल्याला सोयीचं तेवढंच सांगायचं, तर मग समुपदेशक कशाला? "आता तू बोल," मी तिला म्हणाले. "अर्ज तुझा आहे."

ती उठून वडिलांसमोर उभीच राहिली. "तात्या, सायन्स मला जमंल. पण दोन वर्सं क्लासला पुण्याला येरझाऱ्या घालायच्या आन् शेवटी वकिलीच करायची, तर मग जायचं कशाला? तेवढ्या वेळात वकिलीच्या परीक्षेचा अभ्यास करीन की मी. आन् मन फिरलं तर तुमच्या दारात रडत न्हाई येणार. आत्याच्या वारसनोंदीला भोरच्या कचेरीत तुमच्याबरोबर कोण आलं होतं? कागद वाचून कोण भांडलं?"

"हीच भांडली," वडील म्हणाले आणि हसायलाच लागले. "लई बोलती. मला वाटायचं, सासरी कसं व्हायचं हिचं! मॅडम, आर्ट्सच भरा."

अर्ज तिथंच भरला. चुलते मात्र हिरमुसले. जाता जाता दारात थांबून म्हणाले, "मग आता फ्लेक्सचं काय करू?"

"खरं असेल ते लिहा," मी म्हणाले आणि विसरून गेले.

प्रवेश झाल्यावर फाट्यावर नवा फ्लेक्स लागला. पोरगी तशीच, हात जोडून. खाली त्याच लाल अक्षरांत: 'अकरावी कला शाखेत प्रवेश घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मी रस्त्यातच उभी राहून खो खो हसले. असला फ्लेक्स आमच्या भागात कुणी लावला नव्हता.

तिथंच एसटीची वाट बघत आमची एक जुनी विद्यार्थिनी उभी होती. बारावी आर्ट्सची. दहावीला कमी पडले, म्हणून घरच्यांनी न विचारता तिकडं घातलेली. तेव्हापासून कोणी शाखा विचारली, की मान खाली घालायची. ती मोबाईलवर त्या फ्लेक्सचा फोटो काढत होती.

"तुझी मैत्रीण का गं?" मी विचारलं.

"न्हाई मॅडम, वळखत बी न्हाई मी तिला," ती म्हणाली. "पण आमच्या शाखेचा फ्लेक्स लागलाय."