भाऊंच्या मागची ओळ

कामशेतला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. पूर्वी लोक हाताने लिहिलेला कागद टायपिंगला आणायचे. आता फोन पुढे करतात. "मॅडम, हे ग्रुपवर आलंय, एवढं छापून द्या." हे म्हणजे स्क्रीनशॉट. मूळ कागद कुणी पाहिलेला नसतो.

आमच्या पवना बाजूच्या एका ग्रुपचे जे भाऊ आहेत, ते गेली पाच वर्षं भावी सरपंच आहेत. त्यांच्या ग्रुपवर पाणी बंदची सूचना येवो, लसीकरणाची येवो नाहीतर कुणाच्या दहाव्याची, भाऊ तिच्यावर आधी स्वतःला टाकणार. मधोमध हात जोडलेला फिकट फोटो आणि वरपासून खालपर्यंत तिरक्या ओळींत त्यांचं नाव, पुढे "आपला माणूस". दहाव्याच्या निरोपातही भाऊ हात जोडून हसत असतात. मयताच्या घरच्यांनाही आता त्याचं काही वाटत नाही.

मला मात्र रोज त्रास. फोनमधून मजकूर उचलायची सोय आहे म्हणे! आहे ना. एकदा उचलून पाहिला तर "अर्जदाराने रहिवासी आपला माणूस दाखला जोडावा" असं आलं. मशीनला काय कळणार कुठलं अक्षर कागदावरचं आणि कुठलं भाऊंचं? तेव्हापासून मी स्वतः बघून टाइप करते. आणि त्यात मी तरबेज, असा माझा समज होता. जे फिकट, जे तिरकं, ते भाऊंचं. जे आडवं, जे काळं, ते कामाचं. डोळ्याला इतकी सवय झाली होती की पानभर भाऊ असले तरी मला दिसायचे नाहीत.

एका शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला तिकोणा पेठेच्या एक मावशी आल्या. साठीच्या आतल्या, आवाज खणखणीत, हातात कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. "जयभीम मॅडम," म्हणाल्या. मी "जयभीम" म्हटलं आणि खुर्ची पुढे केली. त्यांच्या बचत गटात आठ बायका. तिकोणा गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालायच्या, पण ते काम शनिवार-रविवारचं आणि तेही पावसाळा-हिवाळ्यातलं. आता पवना रस्त्यावरच्या एका निवासी शाळेला रोजच्या भाकऱ्या पुरवणारा गट हवा होता. वर्षभराचं काम. "आठ घरांत बारमाही चूल पेटंल," मावशी म्हणाल्या, "म्हनून नीट लिवा."

शाळेची सूचना अर्थात भाऊंच्या ग्रुपवरून आलेली. अर्जाचा नमुना तिच्यातच होता, तसाच्या तसा टाइप करून द्यायचा. मी मावशींच्या फोनमधला सूचनेचा फोटो कॉम्प्युटरवर घेतला, मोठा केला आणि कामाला लागले. कागदपत्रांच्या यादीतला तिसरा मुद्दा बरोबर भाऊंच्या जोडलेल्या हातांखाली गेला होता. तोही मी सोडवला. कॉन्ट्रास्ट वाढवला, फिकटपणा मागे गेला, खालचं काळं वर आलं, "स्वच्छतेबाबत हमीपत्र" असं लख्ख दिसलं. तेव्हा मी मावशींकडे जरा ऐटीतच पाहिलं, खोटं कशाला बोलू.

प्रिंट काढली. मावशी एक बोट फोनवर आणि एक बोट कागदावर ठेवून ओळ ओळ खाली सरकत गेल्या. वाचत नव्हत्या, जुळवत होत्या. मग थांबल्या.

"ही राहिली का वो?"

मी वाकून पाहिलं. भाऊंच्या खांद्यापाशी एक तिरकी, राखाडी, अर्धवट पुसट ओळ. "नाही मावशी, ते भाऊंचं आहे. जाहिरात. ते सोडून द्यायचं असतं."

"भाऊचं?"

"हो. मी रोज बघते ना."

"बरं," त्या म्हणाल्या. त्या 'बरं'मध्ये पटल्याचं काही नव्हतं, पण माझ्यापुढे दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. वर मी आणखी शहाणपण शिकवलं, "उद्या संध्याकाळपर्यंत मुदत आहे, घाई नको. आज आरामात घरी जा." त्या अर्ज पिशवीत घालून एसटी पकडायला गेल्या.

ते 'बरं' मात्र दाताच्या फटीत अडकल्यासारखं राहिलं. साडेअकराला दुकान जरा मोकळं झालं तसा मी तो फोटो पुन्हा उघडला. त्याच ग्रुपवरची पाणी बंदची एक जुनी सूचना माझ्याकडे होती. भाऊ काही रोज नव्याने हात जोडत नाहीत, एकच ठसा सगळ्यांवर मारतात. म्हणजे दोन्हीत ते एकाच जागी असायला हवेत. मी दोन्ही फोटो एकाच मापाचे करून आलटून पालटून बघायला सुरुवात केली. भाऊ जागचे हलले नाहीत. नाव हललं नाही. "आपला माणूस" हलला नाही. फक्त खांद्यापाशची ती ओळ एकात होती आणि दुसऱ्यात गायब!

नीट पाहिलं तर तिचा तिरपेपणाही भाऊंच्या ओळींपेक्षा कमी होता, आणि ती पानात एकदाच होती. भाऊ कुठे एकदाच येतात? कॉन्ट्रास्ट वाढवत वाढवत नेला तेव्हा अक्षरं उगवली. "मुदतीत बदल. अर्ज शुक्रवारी दुपारी बारापर्यंतच." ही ओळ टाकायला शाळेच्या क्लार्कने छापलेला कागदच पुन्हा प्रिंटरमध्ये घातला असणार. कागद वाकडा गेला, टोनर संपत आलेला. असं मी स्वतः दहादा केलंय आणि मलाच ते ओळखू आलं नाही. अति शहाणी!

मावशींना फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. धरणाकडे गेलं की सगळेच संपर्काबाहेर. मी शटर अर्धं ओढलं आणि निदान क्लार्कला थोडं थांबायला सांगावं म्हणून शाळेकडे जायला गाडीला किक मारली. रस्ताभर मला एकच दिसत होतं, मावशी निवांत घरी बसल्यात, मी सांगितलंय म्हणून, आणि आठ बायकांचं वर्ष माझ्या सवयीने खाल्लंय. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

शाळेत पोचले तेव्हा बाराला पाच मिनिटं कमी होती. व्हरांड्यातल्या पायरीवर मावशी बसल्या होत्या, पाण्याची बाटली तोंडाला लावून. मांडीवर अर्जाची पोच, तिच्यावर शाळेचा शिक्का.

"मावशी, ती ओळ..." मी गाडीवरूनच म्हटलं.

"व्हय. आज बारापत्तुर म्हनं," त्या म्हणाल्या. "येष्टी हितनंच जाती, मंग उतरले. क्लार्कला फोन दावला अन् इचारलं, ह्ये काय लिवलंय. त्यानं अर्ज घेतला लगीच."

"पण मी तर तुम्हाला सांगितलं होतं ना, ते भाऊंचं आहे म्हणून."

"सांगितलंत की. पर मला पटलं न्हाई."

"का?"

मावशींनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"मॅडम, मला लिवायवाचायला येत न्हाई. माझी सही येती अन् भाऊचं नाव येतं. आमच्या घराच्या भितीवर पाच वर्सं झाली रंगवून ठिवलंय त्यानं, आमाला न इचारता. रोज दारात बसून त्येच बगते. ही ओळ भाऊची असती, तर मला वाचता आली असती."