मिक्सरचे पैसे

मी सिलतऱ्याच्या एका पोलाद कारखान्यात खरेदी विभागात काम करते. माल कमी भरला, वाकडा निघाला, उशिरा आला, की पुरवठादाराला तक्रार लिहायची, हे माझं रोजचं काम. तक्रार कशी लिहावी हे मला कोणी शिकवायला येऊ नये. काय घेतलं, काय बिघडलं, आता काय हवं, एवढंच लिहायचं. रडगाणं नको आणि शिव्याही नकोत. त्यामुळे बाबांनी आईच्या मिक्सरबद्दल लिहिलेली तक्रार वाचली तेव्हा माझं डोकंच फिरलं.

मिक्सर आईने मागवला होता. आमच्या घरात ऑनलाइन जे काही यायचं ते तिच्याच मोबाइलवरून, तिच्याच खात्यातून. बाबा रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. वस्तू हातात घेऊन, उलटीसुलटी करून पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत हा त्यांचा बाणा. आईला असलं काही नव्हतं. आमचं शहर हिंदी बोलणारं; ब्राह्मणपाऱ्याच्या आमच्या गल्लीत डिलिव्हरीवाले तिला लांबूनच "आंटी, आपका है" म्हणून हाक मारायचे आणि ती गॅलरीतून टोपली सोडायची.

मिक्सरचा जार खालून गळायचा. उडदाची डाळ वाटायला घेतली की अर्धं पाणी ओट्यावर. तिने तो परत केला, माणूस येऊन खोका घेऊन गेला, तसा संदेशही आला. पैसे मात्र येईनात. विक्रेत्याचं म्हणणं, वस्तू गोदामात तपासली जात आहे. आईने ॲपच्या चॅटमध्ये तिच्या ठसक्यात लिहिलं, "भैया, तुम्हारे घर में ऐसा मिक्सर चलेगा क्या?" आणि ते आम्हाला वाचून दाखवून स्वतःच हसली.

त्याच आठवड्यात तिला झटका आला. दवाखान्यात स्ट्रेचरवरून आत नेताना ती बाबांना म्हणाली, "मिक्सरचे पैसे आले का, पाहत जा." दार बंद झालं. त्यानंतर ती कोणाशीच बोलली नाही.

चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसाराचा शेवट या वाक्याने व्हावा याचा मला अजून राग येतो. कोणावर ते सांगता येत नाही.

तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि बाबा कामाला लागले. कुठलंही काम पेंडिंग ठेवायचं नाही, ही त्यांची आयुष्यभराची सवय. मृत्यूचा दाखला काढला, बँकेत जाऊन आईचं खातं बंद करून घेतलं, वारसदार म्हणून त्यातली रक्कम स्वतःच्या खात्यात वळवली. बँकेतल्या लोकांनाही आश्चर्य वाटलं, इतकी नीट कागदपत्रं. फक्त एक मिक्सर राहिला होता. गोदामातली तपासणी तोवर काही संपली नव्हती.

ती संपली आणि आईच्या मोबाइलवर संदेश आला, रिफंड यशस्वी. खाली लांबलचक संदर्भ क्रमांक. बाबांनी आपल्या खात्यात पाहिलं, काही नाही. मग त्यांनी तक्रार केली. उत्तर आलं, आमच्याकडे रिफंड यशस्वी दिसत आहे, कृपया काही कामकाजाचे दिवस वाट पाहा. त्यांनी वाट पाहिली, पुन्हा लिहिलं. उत्तर तेच. असं बरेच दिवस चाललं होतं आणि मला पत्ताच नव्हता. एका रविवारी त्यांनी आईचा मोबाइल माझ्यापुढे धरला. "तू रोज हेच करते न ऑफिसात? जरा सुधरून दे."

मी चॅट वाचायला लागले. वर आईचं "भैया, तुम्हारे घर में" होतं. त्याच्या खाली बाबांचं सुरू झालं होतं, पण ते बाबांचं नव्हतं. "मैंने मिक्सर लौटा दिया था।" "मैं बहुत परेशान हो गई हूँ।" एका जागी तर, "मेरे पति पूछते रहते हैं।"

"बाबा, हे तुम्ही आईच्या नावानं काहून लिहिलं?"

"खातं तिचं आहे. कंपनी तिलेच विचारून राहिली. पाह्य वर."

वर खरंच होतं. प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला नमस्ते, मग आईचं नाव, पुढे जी. हम आपकी क्या सहायता कर सकते हैं. दर वेळी लॉगिन करायला आकडे तिच्या नंबरवर यायचे, म्हणून बाबांनी तिचं सिमही रिचार्ज करून चालू ठेवलं होतं. फोन रोज चार्जिंगला लावत होते, तिच्याच पलंगाच्या बाजूला.

तेव्हा मला काहीतरी कळायला हवं होतं असं आता कोणी म्हणेल. मला कळलं होतं. पण मला वाटलं, तक्रार एकदा मार्गी लागली की तेही सुटतील. मी त्यांची हिंदी बाजूला सारली आणि नव्याने लिहायला घेतलं. ऑर्डर क्रमांक, परत नेल्याची तारीख, रिफंडचा संदर्भ क्रमांक. मग खरं कारण, कारण त्याच्याशिवाय गाडी पुढे सरकणार नव्हती: ज्या खात्यातून पैसे भरले ते खातेदाराच्या निधनामुळे बंद झालं आहे, रक्कम तिथे जमा होऊ शकत नाही, ती दुसऱ्या खात्यात पाठवावी.

बाबांनी चष्मा लावून वाचलं. "हे काढ."

"काय?"

"हे निधनाचं. मिक्सर गळत होता, त्याच्याशी याचा काय संबंध?"

"संबंध आहे न बाबा. त्याच्यामुळेच तर अडलं आहे."

"खातं बंद आहे, एवढंच लिही. काहून बंद आहे ते त्याइले काय करायचं?"

आमचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं, तुम्ही रेल्वेत असताना कोणी असा अर्धवट अर्ज आणला असता तर तुम्ही तो तोंडावर मारला असता. त्यांनी माझी ओळ खोडून "खाता अब उपयोग में नहीं है" असं घातलं आणि पाठवून दिलं. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. नमस्ते, आईचं नाव, जी. रिफंड यशस्वी आहे. बाबा ते बराच वेळ पाहत बसले आणि मी तणतणत चहा टाकायला गेले.

पुढच्या आठवड्यात मी सुटी टाकली आणि त्यांना बँकेत नेलं. काउंटरवरच्या मॅडमनी क्रमांक पाहिला, खातं पाहिलं. "हव अंकल, खाता तो आपने ही बंद कराया था न? बंद खाते में पैसा कहाँ बैठेगा? कंपनी के पास लौट गया होगा। उनको बोलिए दूसरे खाते में भेजें।" मग त्यांनी खातं बंद असल्याचं आणि ही रक्कम जमा न झाल्याचं पत्र द्यायचं कबूल केलं.

पत्र टाइप होईपर्यंत आम्ही बाकावर बसलो. बाबा हळूच म्हणाले, "म्हणजे मीच घाई केली. तिचे पैसे दारापर्यंत आले होते, अन् मी दार लावून बसलो होतो."

मला माहीत होतं की ही घाई नव्हती. तो माणूस रडू येऊ नये म्हणून रांगेत उभा राहत होता, फॉर्म भरत होता. पण हे बापाला बँकेत बसून कसं सांगायचं? मी त्यांचा हात धरला, एवढंच. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

घरी आल्यावर ते म्हणाले, "तूच लिही. जसं पाहिजे तसं."

या वेळी चॅटमध्ये नाही, कंपनीच्या संकेतस्थळाच्या अगदी तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल असतो, तिथे लिहायचं ठरवलं. मी बाबांच्या नावाने लिहिलं, मी पुढील ग्राहकाचा पती आहे. सोबत बँकेचं पत्र, मृत्यूचा दाखला, बाबांच्या खात्याचा रद्द केलेला चेक, आणि मिक्सर परत घेतल्याचा पुरावा म्हणून चॅटचे फोटो. मागणी एकच, परत आलेली रक्कम तपासून या खात्यात जमा करावी. माझ्या नोकरीत मी इतकी नेटकी तक्रार लिहिली नसेल. एक शब्द जास्त नव्हता.

ईमेलला सही लागत नाही हे बाबांना पटेना. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातून मी छापून आणलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, कार्यालयात वाचत असतील तसं, सगळ्या आकड्यांसकट. आईच्या नावाशी आल्यावर थांबले. पेन उघडलं आणि नावाच्या आधी वरच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, स्वर्गीय. मग सही केली. तेव्हा ते रडले, आई गेल्यापासून पहिल्यांदा. मी कागद बाजूला घेतला, भिजू नये म्हणून, आणि स्वतःचाच राग आला की मला त्या वेळीही कागद सुचला.

काही दिवसांनी उत्तर आलं, या वेळी माणसाने लिहिलेलं. रक्कम खरंच परत आली होती आणि त्यांच्याकडे पडून होती. गैरसोयीबद्दल खेद होता, पत्नीच्या निधनाबद्दलही होता. पैसे आपल्या खात्यात पाठवले आहेत. शेवटी एक ओळ: खातेधारक हयात नसल्याने सुरक्षेसाठी त्यांचं ग्राहक खाते बंद करण्यात आलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा संदेश आला. त्यांनी आईच्या फोटोपुढे जाऊन सांगितलं, "आले वो पैसे." सुटल्यासारखं वाटलं मला. ऑफिसची बस पकडायची होती, मी डबा भरत होते.

डबा घेऊन बाहेर आले तर ते पलंगावर बसलेले, हातात आईचा मोबाइल. ॲप उघडलं होतं आणि त्यात नुसतं नंबर टाका असं कोरं पान होतं. त्यांनी तिचा नंबर टाकला. असं कोणतंही खातं नाही, असं आलं. त्यांनी पुन्हा टाकला.

"बाबा, चॅटचे फोटो आहेत माझ्याजवळ. आईचं ते मिक्सरचं वाक्यही आहे."

"फोटोले कोणी जवाब देते का?" ते म्हणाले. फोनची पाठ त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसली आणि तो चार्जरपासून काढून ठेवला. "आता तिले कोणीच काही विचारणार नाही."

खाली बसचा हॉर्न वाजत होता. मी डबा टेबलावर ठेवला आणि त्यांच्या बाजूला बसले.