विकू का थांबू

चाकणला माझं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. आजूबाजूची निम्मी जमीन कंपन्यांच्या शेडखाली गेली, पण उरलेल्या निम्म्यात अजून कांदा होतो, आणि तो कांदा माझ्या उधारीवर होतो. बियाणं, खत, फवारणीची औषधं असं सगळं लागवडीपासून न्यायचं. प्रत्येक वेळी मी उधारीचं बिल फाडायचं, खाली सही घ्यायची, पान खात्याला लावायचं. पैसे कांदा निघाल्यावर. जूनपर्यंत व्याज नाही. वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि बहुतेक जण चोख देतात, उगाच रडगाणं नको.

तीन एकरवाले एक मामा आहेत. नात्याचे नाहीत, पण वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक, म्हणून मामा. त्यांची दोन्ही पोरं कंपनीत शिफ्टला जातात. शेती म्हातारा एकटा बघतो. गेल्या हंगामात त्यांची बाकी ब्याऐंशी हजार झाली होती. एप्रिलमध्ये कांदा काढला, झकास माल, आणि बांधावर व्यापारी आला. दहा किलोला एकशे ऐंशी म्हणाला.

मामांनी मला फोन केला. "शेठ, विकू का थांबू?"

आता माझं काय काम होतं हो त्यात? मी दुकानदार. "विका आणि माझे द्या," एवढं बोलून मोकळा झालो असतो तर आज सुखात असतो. पण त्या आठवड्यात दोन-चार मोठी खाती नील झाली होती, गल्ला भरलेला होता, आणि मोबाईलवर बाजारभाव बघून बघून मला मीच फार हुशार वाटायला लागलो होतो. "थांबा की मामा," मी म्हणालो. "तीनशे बघाल. माझ्या पैशांची घाई नाही."

मामा खूश झाले. व्यापारी गेला. कांदा चाळीत भरला. चाळ म्हणजे खालून वारा खेळेल अशी जाळीची वखार. जूनपर्यंत भाव एकशे दहावर आला. अजून थोडं थांबू, असं मीच म्हणालो, कारण चुकलो हे कबूल करायची लाज वाटत होती. जुलैत चाळीला वास सुटला. मामांनी बायका लावून सडका कांदा निवडला, चांगल्यातला थोडा विकला, मजुरी भागवली आणि पंधरा हजार घेऊन माझ्याकडे आले. मी जमा लिहिले. बाकी सदुसष्ट हजार. व्याज लावायचा महिना उलटून गेला होता, पण मला पेन चालवता येईना. कुठल्या तोंडानं लावणार?

दुसऱ्या कुणाकडे एवढी बाकी असती तर मी घरी जाऊन बसलो असतो, चार शब्द सुनावले असते. वसुलीत माझी जीभ तिखट आहे, सगळ्या चाकणला माहीत आहे. मामांना मात्र फोन लावायचो आणि "तब्येत कशी?" विचारून ठेवून द्यायचो. बायको म्हणाली, "त्यांची विचारपूस करून आपलं देणं फिटणार आहे का?" बरोबर होतं तिचं. मलाही घाऊक एजन्सीचं देणं होतं, आणि ते वेळेत गेलं नाही तर नव्या हंगामाचा माल मिळणार नव्हता. बिनमालाचं दुकान उघडून करायचं काय, माशा मारायच्या?

ऑक्टोबरच्या एका सकाळी एजन्सीचा माणूस आला. गोड बोलला, चहा प्यायला आणि सांगून गेला, या आठवड्यात साठ हजार भरा, नाहीतर बियाण्याची गाडी तुमच्या दारात थांबणार नाही. मी हिशेब केला. माझी बाकी सगळी वसूल होऊन आधीच्या देण्यात गेली होती. एक मामांचंच खातं उघडं होतं.

आणि दुपारी मामा स्वतःच आले. रोपवाटिकेला बियाणं हवं होतं, उधारीवर. माझ्याकडचे शेवटचे डबे मी काढून दिले. नाही म्हणायचा हक्क मला राहिला नव्हता. त्यांनी बिलावर सही केली, डबे पिशवीत ठेवले आणि स्टुलावर टेकले.

"शेठ, चाळीत अजून थोडा हाय. आज व्यापारी येतोय, एकशे वीस म्हनतोय. पुढं वाढंल म्हनत्यात लोकं. तुमी सांगा, दिऊ का थांबू?"

मी म्हणालो, "मामा, मला कशाला विचारता? तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय कळतंय त्यातलं? मागं बी तुमीच सांगितलं व्हतं."

टोमणा नव्हता हो तो. असता तर मी भांडलो असतो, निदान मोकळा झालो असतो. म्हातारा खरंच माझ्यावर विश्वास टाकून बसला होता. विका म्हणालो, तर ते माझ्या गाडीसाठी, माझ्या साठ हजारांसाठी असणार होतं. थांबा म्हणालो, तर उरलेलाही सडला असता, किंवा नसता सडला. मला ठाऊक नव्हतं, मला कधीच ठाऊक नव्हतं. त्यांचा फोन वाजला. व्यापारी चाळीपाशी येऊन उभा होता.

"जरा थांब रं," मामा फोनवर म्हणाले, "शेठला इचारतोय." आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.