पत्रकाच्या कोऱ्या बाजूवरचे आकडे

मी वाचायला शिकले ते पत्रकांवर. बाबा सोलापुरात गिरणी कामगारांच्या सभांसाठी पत्रकं लिहायचे आणि उरलेले गठ्ठे आमच्या पलंगाखाली यायचे. त्यामुळे 'कमळ', 'बदक' वगैरे शब्दांच्या आधी मला 'निषेध' वाचता येत होता. पुढे मीही पत्रकं लिहू लागले. गठ्ठे पलंगाखालीच राहिले, फक्त पलंग बदलला.

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा तिला या गठ्ठ्यांचा एकच उपयोग दिसला: मागची बाजू कोरी असते. ती मोडनिंबजवळच्या एका वस्तीवरची, बापाची द्राक्षबाग, कागद वाया घालवणं तिला पाप वाटतं. दुधाचा हिशोब, कुकरच्या शिट्ट्या किती द्यायच्या, दादाचा ट्रक कुठल्या गावाला गेलाय, सगळं ती माझ्या क्रांतीच्या पाठीमागे लिहायची.

"वन्सं, पुढच्या बाजूला काय लिवलंय ते लोकं वाचत्यात का न्हाय ठावं न्हाय," ती म्हणायची, "पन मागची बाजू रोज वाचली जाती बगा."

लग्नानंतर दोन वर्षांनी तिला दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात उलट्या इतक्या वाढल्या की पाणीही टिकेना, आणि मग अंगावरून रक्त जायला लागलं. दादा ट्रक घेऊन हैदराबादच्या रस्त्याला होता, म्हणून मी तिला घेऊन डॉक्टर बाईंकडे गेले. सोनोग्राफी झाली. डॉक्टर बाईंनी पडदा आमच्याकडे वळवला आणि शांतपणे सांगितलं की गर्भ धरलाच नाही, नुसती वार वाढली आहे, फुगलेल्या बारीक पाण्याच्या फोडांसारखी. याला द्राक्षगर्भ म्हणतात.

वहिनी पडद्याजवळ वाकली. मग म्हणाली, "बापाच्या बागंत कमी व्हती व्हय, की हितं बी लावली?"

डॉक्टर बाईंना हसावं की नाही कळेना. घरी आल्यावर मात्र वहिनी स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहिली आणि घासलेली भांडी पुन्हा घासत राहिली.

दोन दिवसांनी पिशवी साफ केली. मला वाटलं, संपलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, नाही, खरं काम आता सुरू होतं. ही वार रक्तात एक हार्मोन सोडते, बीटा एचसीजी. गर्भ राहिल्याचं ज्याच्यावरून कळतं तेच. आता दर आठवड्याला रक्त तपासायचं. आकडा उतरत उतरत पाचाच्या खाली यायला हवा. तो अडला किंवा चढला, तर कुठेतरी त्या पेशी शिल्लक आहेत आणि वाढताहेत. आणि सगळं संपेपर्यंत पुन्हा दिवस जाऊ द्यायचे नाहीत, कारण नव्या गर्भानंही हाच आकडा चढतो आणि मग आजार कुठला, बाळ कुठलं, काहीच ओळखू येत नाही.

"मग मूल?" वहिनीनं विचारलं.

"होईल की. आधी हा आकडा खाली येऊ दे."

त्या दिवसापासून आमच्या घराला तेवढीच एक गोष्ट हवी होती.

डॉक्टर बाईंनी चिठ्ठीवर एका लॅबचं नाव लिहिलं, त्याखाली 'दर वेळी इथेच' असं लिहून दोनदा रेघ ओढली. त्या दोन रेघा माझ्या डोक्यात गेल्या. एकच लॅब! दर वेळी! डॉक्टर आणि लॅब यांच्यातल्या साट्यालोट्यावर मी तेव्हा एक पत्रक लिहायला घेतलंच होतं. त्यातलं एक वाक्य तर ठळक टाइपात होतं: 'एकाच लॅबचा आग्रह धरणारा डॉक्टर ओळखा!' मी मनात म्हटलं, ओळखला.

पण वहिनीसमोर गप्प बसले. आम्ही दर मंगळवारी त्याच लॅबमध्ये जाऊ लागलो. वहिनीनं एक पत्रक उलटं करून भिंतीला टाचणीनं लावलं आणि त्यावर आकडे लिहू लागली. आधी लाखाच्या वर होता. पहिल्या आठवड्यात सहा हजार दोनशे. मग अकराशे चाळीस. मग तीनशे दहा. आम्ही उतारावरच्या सायकलीसारखे खूश होतो.

आणि सायकल थांबली. दोनशे शहाण्णव. तीनशे चार. तीनशे एक.

"चार आकडे, तीन आठवडे, आणि हलत नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. छातीचा फोटो काढला, पुन्हा सोनोग्राफी केली. कुठे पसरलेलं नव्हतं. "सौम्य प्रकार आहे. पण औषध लागणार. मेथोट्रेक्सेट. कॅन्सरला देतात त्यातलंच, पण हा आजार त्या औषधाला फार चांगला दबतो."

कॅन्सरचं औषध म्हटल्यावर वहिनीनं नवी पेठेत जाऊन दोन स्कार्फ घेतले, एक लाल आणि एक त्याहून लाल. एक दिवस इंजेक्शन, दुसऱ्या दिवशी त्याचा त्रास आवरणारी गोळी, असे आठ दिवस. मग विश्रांती, आणि दोन आठवडे भरले की परत पहिल्यापासून. केस काही गेले नाहीत. तोंड मात्र आलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर वाढलेली बाई ताकभात खाऊ लागली आणि त्याबद्दल तिचा राग औषधापेक्षा माझ्यावर निघायचा.

"तुमच्या मोर्च्यात बोलायला तोंड लागतं न्हवं? माजं घिऊन जावा. मला खायला उपेगाचं न्हाय."

पण आकडा उतरू लागला. एकशे वीस. सहासष्ट. चोवीस.

त्याच आठवड्यात माझं पत्रक छापून आलं. मंगळवारी सकाळी आम्ही ते सात रस्त्यावर वाटलं. आणि दुपारी वहिनीला घेऊन त्याच लॅबमध्ये जायचं? सकाळी एक वाटायचं आणि दुपारी दुसरं वागायचं? मला ते जमेना. मी रिक्षा सात रस्त्याजवळच्या दुसऱ्याच एका लॅबकडे वळवली.

"हितं कुटं?" वहिनी म्हणाली.

"रक्त ते रक्त. सगळीकडे सारखंच असतं."

"व्हय, पन बाईंनी दोन रेघा मारल्यात की."

"त्याचंच कारण तर मला माहीत आहे," मी म्हणाले, आणि फार बरं वाटलं.

संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. एकोणतीस.

चोवीसाचे एकोणतीस. वहिनीनं पेन्सिल उचलली आणि आकडा अगदी बारीक लिहिला. दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा कागद काढून तिनं पिशवीत टाकला आणि आम्ही डॉक्टर बाईंकडे गेलो. मी आकडा सांगितला. त्यांचा चेहरा बदलला.

"औषध चालू असताना चढला म्हणजे औषध पकड घेत नसेल. तसं असेल तर दुसरं द्यावं लागेल, सलाइनमधून. आधीचे आकडे दाखवा बरं सगळे."

वहिनीनं कागद दिला. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं, शेवटच्या एकोणतीसपाशी थांबल्या. "हा एकटाच वेगळा वाटतो. रिपोर्ट बघू." मी मोबाइल पुढे केला. त्यांनी वरचं नाव वाचलं. "लॅब बदललीत?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी कागद सहज उलटा केला.

पुढच्या बाजूला माझं पत्रक होतं. ठळक टाइपातलं वाक्य मला उलट्या बाजूनंही वाचता येत होतं. वहिनीनं भिंतीला लावताना नेमकं तेच उचललं होतं, माझ्या टेबलावरचा कच्चा नमुना. डॉक्टर बाईंनी ते सगळं वाचलं. अगदी खालच्या 'प्रकाशक' पर्यंत.

"तुम्ही लिहिलंय?"

"हो." मग वाटलं, आता अर्धवट कशाला. "तुम्हाला त्या लॅबकडून कमिशन मिळतं का?"

वहिनीनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. जोरात.

"नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. "आणि ह्यात लिहिलंय ते बऱ्याच ठिकाणी खरं आहे, पत्रक वाटत राहा. पण ह्या तपासणीचं तसं नाही. प्रत्येक लॅबचं यंत्र वेगळं, किट वेगळं. तेच रक्त एका ठिकाणी वीस दाखवेल, दुसरीकडे तीस. मला आकडा किती आहे त्यापेक्षा कुठल्या बाजूला चाललाय ते बघायचं असतं. दर वेळी वेगळा तराजू घेतला तर वजन घटलं की वाढलं, कसं कळणार? ही लॅब नको तर सुरुवातीलाच दुसरी निवडायची. पण एकच."

"हे मला सांगितलं असतं तर..."

"ते खरं. मी नुसत्या रेघा मारल्या, कारण सांगितलं नाही. आणि तुम्ही विचारलं नाहीत."

औषध बदलायचं की नाही हे जुन्या लॅबच्या आकड्यावर ठरणार होतं. रक्त लगेच दिलं. आयुष्यात एवढी लांब दुपार मी पाहिली नाही. मी माझं अख्खं पत्रक मनात तीनदा दुरुस्त केलं. वहिनी बाकावर बसून दोन्ही स्कार्फच्या घड्या घालत होती, मोडत होती.

"वन्सं," ती एकदाच म्हणाली, "चढला आसल तर तुमच्यामुळं न्हाय चढला. आन उतरला आसल तरी तुमच्यामुळं न्हाय. गप बसा."

रिपोर्ट आला. तेरा.

वहिनीनं एकोणतीसवर काट मारली, शेजारी तेरा लिहिलं आणि मगच रडली.

कागद परत भिंतीवर गेला. पुढच्या मंगळवारी सहा. मग दोन. मला वाटलं आता इंजेक्शनं बंद. डॉक्टर बाई म्हणाल्या, अजून तीन फेऱ्या. या वेळी मी कारण विचारलं. पाचाच्या खाली म्हणजे पेशी संपल्या असं नव्हे, यंत्राला दिसत नाहीत एवढंच. उरलेल्या मारायला ह्या फेऱ्या. मी मान डोलावली. वहिनी म्हणाली, "बगा, इचारलं की सांगत्यात."

मग वर्षभर महिन्यातून एकदा. लॅबमधली रक्त घेणारी बाई सोलापुरी उर्दूत वहिनीच्या शिरांचं कौतुक करायची. वहिनी मला आत येऊ द्यायची नाही. म्हणायची, तुमी बाहेर बसा, तुमास्नी बोर्ड वाचून राग यील. पत्रकाची मी दुसरी आवृत्ती काढली. त्यात वाक्य बदललं: 'डॉक्टर एकाच लॅबचा आग्रह धरत असेल, तर कारण विचारा.' पहिल्याइतकं ठसठशीत नाही, मान्य आहे. घोषणा म्हणून तर ते कोणी देणारच नाही.

गेल्या महिन्यात शेवटची तपासणी झाली. दादा या वेळी गावात होता. आकडा तोच, मोजता येणार नाही इतका खाली. डॉक्टर बाईंनी फाइल मिटली आणि सांगितलं, बरी झालीस. आता मूल हवं असेल तर हरकत नाही. फक्त दिवस गेले की सोनोग्राफी लवकर करायची, आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी हेच रक्त पुन्हा एकदा.

"त्याच लॅबमदी?" वहिनीनं विचारलं.

"त्याच."

घरी आल्यावर तिनं भिंतीवरचा कागद काढला. कोरी बाजू खालपर्यंत भरली होती, शेवटचे काही महिने तर समासात आडवे लिहिले होते. तिनं तो दुमडून लाल स्कार्फमध्ये ठेवला. मग पलंगाखाली वाकली आणि गठ्ठा ओढला.

"वन्सं, यातलं एक घितलं बरं का. मागून कोरं हाय न्हवं? लागंल आता."