एक रिंग द्या

लिहिण्याचा माझा काही अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि आजवर माझं छापून आलेलं लिखाण एकच: वसमतच्या एका किराणा दुकानाचं दिवाळीचं पत्रक. तरी लिहितोय, कारण त्यातली एक ओळ डोक्यातून जात नाही. चुकलं असेल तर माफ करा.

मी फावल्या वेळेत त्या दुकानात सामानाच्या चिठ्ठ्या लिहायचो. दिवाळीआधी शेठजी म्हणाले, "म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी एक कागद लिहून दे. गर्दीत येणं त्यायला व्हत न्हाई. फोन केला की सामान घरी, असं सरळ समजलं पाहिजे."

मी लिहिलं आणि ते एका आजीला वाचायला नेलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी तिच्याच घरी खोली घेऊन राहिलो होतो. तिचं घर बाजारापासून लांब. गुडघे गेलेले. दिवाळीला परभणीची लेक दोन नातवंडं घेऊन येणार, त्यावर तिचं वर्ष चाललेलं.

चष्मा पुसून तिने वाचलं. "भव्य दिवाळी धमाका? मला रवा पाहिजे बापा, धमाका घेऊन काय करू?"

मी खोडलं.

"अक्षर हरभऱ्याएवढं कर. मागं लाल-पिवळं काही नको, दिसत न्हाई. अन् नंबर सलग नको. दोन-दोन आकडे सुट्टे लिही, म्हंजे एक जोडी वाचायची, दाबायची."

शेवटी ती म्हणाली, "आमी एक रिंग देऊन ठेवतो. सवयच हाय. लेक परत लावती. दुकानवाला लावंल काय?"

शेठजींना विचारलं. ते म्हणाले, "लावू की. लिही."

म्हणून पांढऱ्या कागदावर काळ्या ठळक अक्षरांत छापलं गेलं: दिवाळीचं सामान घरी मिळेल. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच फोन करा. नाव, गल्ली आणि सामान सांगा. पैसे सामान आल्यावर द्या. खाली नंबराच्या पाच जोड्या. आणि त्याखाली माझी ओळ: एक रिंग द्या आणि ठेवा. आम्ही परत फोन करू.

तिच्या घरी कागद मी स्वतः दिला. तिने तो फोनशेजारी भिंतीला चिकटवला.

मग माझी परीक्षा आली. आठ दिवसांनी दुकानात गेलो तर ऑर्डरीचा फोन पोह्यांच्या पोत्यावर पडलेला, आवाज बंद. तो शेठजींच्या मुलाकडे दिलेला होता.

"दादा, मिस कॉल किती आलेत?"

"लई. पुसून टाकले सकाळीच. ज्याला सामान पाहिजे तो पूर्ण रिंग वाजू देतो. एक रिंग देऊन ठेवतेत ते टाइमपास करून राहिले."

"पण आपण तसंच छापलंय."

"तू छापलंय. मी कुठं म्हणलं लावतो म्हणून?"

मी शेठजींकडे पाहिलं. ते तराजूवरून मान न उचलता म्हणाले, "सणाचं डोकं खाऊ नको. पुढच्या वर्षी बघू."

ज्यांना आवाज बंद करायचा होता त्यांनी हरभऱ्याएवढ्या अक्षरांत वचन कशाला छापावं? बारीक अक्षरात छापलं असतं तर निदान कुणी विश्वास ठेवला नसता. हे सगळं मी मनात बोललो. तोंडाने "बरं" म्हणालो आणि माझ्या गावच्या, डोंगरकड्याच्या बसमध्ये बसलो. आजीचं घर स्टँडपासून दहा मिनिटांवर होतं. मी गेलो नाही. रागात होतो, आणि रागात असणं म्हणजे काहीतरी केलं, असं मला वाटत होतं. त्या दोघांवर चिडतो तेव्हा ही दहा मिनिटंही आठवतात.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी घरी असताना माझा फोन एकदा वाजून थांबला. तिचाच नंबर. मी लगेच लावला.

"लेकरा, माझा फोन बिघडला काय, ते बघायला लावला. तुझा तर आला की बराबर."

"आजी, सामान आलं का?"

"न्हाई. तू लिहिलं तसंच केलं मी. एक रिंग दिली अन् ठेवला. चार दिवस फोन मांडीवर घेऊन बसले. दुसऱ्यांदा लावला न्हाई. म्हणलं, त्यायचा येत असंल अन् माझा आडवा जाईल. शेजारचीला बी सांगितलं न्हाई, येईलच म्हणलं."

"मग लेक?"

"तिला मीच कळवलं, येऊ नको म्हणून. लेकरायपुढं काय ठेवू? ती म्हणली, बरं. यंदा दिवाळी सासरीच केली त्यायनं." मग म्हणाली, "आकडे मी जोडी-जोडीनंच दाबले होते. कुठं चुकलं असंल रे माझं?"